बारापैकी सात वेळा मोडलेला शब्द: आठवण कशी करून द्यावी, आणि मागावं ते नक्की काय?

तिन्हीसांज (मंगळवार, रात्री ११.४०)

आज रागातच लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

वय ४३, राहायला डोंबिवली पूर्व. नवऱ्याचं ऑफिस विक्रोळीला, माझं काम घरूनच असतं. लेक सहा वर्षांची. मार्चपासून उजवा खांदा धरलाय, डॉक्टर त्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात. हात मागे जात नाही, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला स्टुलावर चढावं लागतं. फिजिओथेरपीची बारा सत्रं ठरली, मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी पावणेआठला. बाईंकडे तेवढीच वेळ रिकामी होती. नवरा स्वतःहून म्हणाला, "मंगळवार-गुरुवार मी साडेसातला घरी असेन. शब्द."

आज बारावं सत्र होतं आणि तेही बुडालं. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो. त्याच्याच शेजारी मी बारीक 'उ' लिहीत गेले, उशिराचा उ. आज मोजले तर बारापैकी सात. त्यात चार सत्रं पूर्ण बुडाली आणि तीन सत्रांना मी अर्ध्यावर पोचले. दोन तास आधी कळवलं नाही तर बुडालेलं सत्र झालं असं धरतात, म्हणजे पैसेही गेले. बाईंनी आता आणखी बारा सांगितलीत.

प्रत्येक वेळी तो सॉरी म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी त्याला पाठवायला मेसेज लिहून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही:

"तू नेहमीच असं करतोस. तुझ्या शब्दाला काही किंमतच नाही. ऑफिस, मित्र, आई सगळ्यांसाठी वेळ आहे, माझ्या खांद्यासाठी नाही. हे शेवटचं सांगते. यापुढे जरा जबाबदारीने वाग."

पाठवू का? की यात काही बदलू?

बेधडक (११.५२)

पाठवा. सात वेळा म्हणजे विसरणं नव्हे, त्याला फरकच पडत नाही. असल्या माणसाबरोबर लोक राहतात कसे?

कोकणकन्या (बुधवार, सकाळी ७.१०)

ताई, खांद्याला तिळाचं तेल कोमट करून लावा आणि दाराच्या चौकटीला धरून हात हळूहळू वर सरकवत न्या. माझ्या जावेला याने चार महिन्यांत आराम पडला. साखर तपासलीत ना? मधुमेह असला की खांदा धरण्याचं प्रमाण जास्त असतं.

तिन्हीसांज (७.३०)

कोकणकन्या, साखर तपासली, ठीक आहे. प्रश्न खांद्याचा नव्हता गं, पण धन्यवाद.

अप्पा_ठाकुर्ली (९.०५)

माझं ऐका, मेसेज-बिसेज काही पाठवू नका. आमच्या हिने एकदा काय केलं, मी उशिरा आलो तर घराला कुलूप. मुलांना घेऊन सरळ माहेरी. मी जिन्यात दोन तास बसलो. त्यानंतर तीस वर्षांत साडेसात चुकले नाहीत.

मृदुला_के (१०.४०)

मी चौदा वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते. आधी एक विचारते, राग मानू नका. त्याला हे सांगताना तुम्हाला भीती वाटते का? तो ओरडेल, वस्तू फेकेल, पैसे बंद करेल, अशी? तसं असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. मग १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि तिथून पुढची वाट वेगळी.

तिन्हीसांज (१०.५५)

नाही हो, तसं काहीच नाही. उलट तो इतका गयावया करतो की मलाच अपराधी वाटायला लागतं.

मृदुला_के (११.२०)

मग तुमच्या मेसेजकडे वळू. "नेहमीच" हा शब्द आधी काढा. तुमच्याच कॅलेंडरप्रमाणे तो पाच वेळा वेळेवर आलाय. "नेहमीच" म्हटलंत की तो त्या पाचांतला एखादा दिवस काढून दाखवणार, तुम्ही उरलेले सात मोजणार, आणि बोलणं तिथेच अडकणार. "बारापैकी सात वेळा" यावर वाद घालता येत नाही. पण आकडा एकदाच सांगायचा. कॅलेंडर काढून तारखा वाचायला बसू नका. समोरच्याला आपल्यावर खटला चाललाय असं वाटलं की तो वकील होतो, नवरा राहत नाही.

"शब्दाला किंमत नाही" हे त्याच्या स्वभावावर आहे. माणूस स्वभावाचा बचाव करतो, संध्याकाळच्या वेळेचा करत नाही. मित्र आणि आई हे दोन वेगळे विषय आहेत आणि आईचं नाव आलं की खांदा बाजूला पडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. "शेवटचं सांगते" हे तुम्ही पाळणार नाही. आठव्या वेळी पुन्हा सांगाल, आणि मग शब्द मोडणारे घरात दोघं होतील.

राहिलं "जबाबदारीने वाग". समजा, येत्या मंगळवारी तो जबाबदारीने वागला. ते तुम्हाला कशावरून कळेल?

तिन्हीसांज (११.३५)

साडेसातला दारात उभा दिसला की.

रात्रपाळी (दुपारी १.१५)

नवऱ्यांच्या बाजूने लिहितो, शिव्या घालायच्या असतील तर घाला. माझंही ऑफिस विक्रोळी-कांजूर पट्ट्यातच आहे, राहतो कल्याणला. "साडेसातला घरी" हे वचन देतानाच चुकलेलं असतं, कारण ते त्याच्या हातात नाही.

हिशोब सांगतो. सहाला खुर्चीतून उठला तर लिफ्ट आणि चालणं धरून सव्वासहाला स्टेशन. विक्रोळीला फास्ट थांबत नाही, म्हणजे स्लो, डोंबिवलीपर्यंत पाऊण तासाच्या आसपास. सात-पाच, सात-दहाला उतरला, पूल चढला, रिक्षाची रांग, साडेसातला घरी. आता तो सहा पंचवीसला उठला असं धरा. तुम्हाला वाटेल पंचवीस मिनिटांनी उशीर होईल. होत नाही. तोपर्यंत गर्दी इतकी झालेली असते की एक गाडी सोडावी लागते, किंवा फास्टच्या मोहाने उलटं घाटकोपरला जातो आणि तिथे चढताच येत नाही. आठ वाजतात, सव्वाआठही होतात.

म्हणजे शब्द मोडतो तो साडेसातला नाही, सहा वाजता, खुर्चीत बसल्या बसल्या. आणि त्या वेळी त्याला ते जाणवतही नाही. त्याच्या डोक्यात "अजून दीड तास आहे" एवढंच असतं.

वाचनवेडा (१.५०)

जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सिद्धच केलंय की भांडणाच्या पहिल्या तीन मिनिटांवरून घटस्फोट होणार की नाही ते कळतं. तेव्हा ताई, सुरुवात बिघडली की संपलं.

मृदुला_के (२.३०)

वाचनवेडा, अर्धं बरोबर आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास १२४ नवविवाहित जोडप्यांचा होता. पहिल्या तीन मिनिटांतल्या सुरावरून पुढच्या सहा वर्षांत कोण वेगळं होईल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता आला, हे खरं. पण तो अंदाज गटाबद्दल आहे, यांच्या एका संध्याकाळीबद्दल नाही. एकदा सुरुवात बिघडली म्हणून काही संपत नाही. थांबायचं, "पुन्हा सुरू करते" म्हणायचं आणि खरंच पुन्हा सुरू करायचं.

त्यातून यांच्या कामाचं इतकंच: दारातून तो घामाघूम आत येतोय, तुम्ही फाइल हातात धरून उभ्या आहात, त्या क्षणी बोलू नका. तो आधीच अपराधी असतो, तुम्ही तापलेल्या असता. तिथे सॉरी पटकन मिळतं, बदल मिळत नाही.

रात्रपाळींनी मात्र मर्मावर बोट ठेवलंय. मागायचं ते असं असावं की जे पूर्ण त्याच्या हातात आहे, आणि झालं की नाही हे दोघांनाही त्याच दिवशी दिसेल. "लवकर ये" मध्ये यातलं एकही नाही. "मंगळवार-गुरुवार सहाला खुर्चीतून ऊठ" मध्ये दोन्ही आहे. "जमेल तसं" पेक्षा "सहा वाजले की" असं ठरवलेलं जास्त पाळलं जातं, यावर पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं पुष्कळ काम आहे.

शशी_नाशिक (४.१०)

माझ्याकडेही मोडलेल्या शब्दांचीच कथा आहे. यांनी तंबाखू सोडायचं वचन लग्नापासून अकरा वेळा दिलंय, एकदा तर देवीसमोर. असंच नेमकं काही मागून बघू का? "जेवणानंतरची तेवढी बंद करा" वगैरे?

मृदुला_के (४.४५)

शशीताई, तुमचं वेगळं आहे. तिथे शब्द मोडण्यामागे शरीराची तलफ आहे. बायकोने वाक्य नीट जुळवलं म्हणून तलफ जात नाही. त्यांच्याकडून तंबाखू सोडण्याचं वचन मागूच नका. मागायचंच तर एक गोष्ट मागा: अमुक तारखेला माझ्याबरोबर व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे चला. तेवढं त्यांच्या हातात आहे. बाकीचं नवीन धाग्यात बोलू, इथे यांचा विषय मागे पडेल.

बेधडक (५.२०)

सगळी मेहनत बाईनेच करायची. वाक्यं तिने घोटायची, मुहूर्त तिने बघायचा, आणि साहेब फक्त खुर्चीतून उठणार. वा.

मृदुला_के (५.५०)

बेधडक, हे अन्यायाचं आहे, मान्य. माझ्यासमोर दोघं बसलेली असतात तेव्हा मी निम्मं काम त्याच्यावर टाकते. इथे तो नाही, विचारणाऱ्या या आहेत.

तिन्हीसांज (गुरुवार, दुपारी १२.३०)

काल रात्रभर हेच डोक्यात होतं. मागणं असं लिहिलंय: "मंगळवार-गुरुवार सहाला ऊठ. आणि नाही जमणार असेल तर साडेपाचपर्यंत कळव." कसं वाटतं?

रात्रपाळी (१.००)

या दोन अटी झाल्या. ऑफिसातल्या अनुभवाने सांगतो, दोन दिल्या की माणूस सोपी ती पाळतो आणि काम झालं म्हणतो. एक ठेवा.

मृदुला_के (१.२५)

सहमत. तिन्हीसांज, त्या सात दिवसांपैकी सगळ्यात वाईट दिवस आठवा. त्यातला नेमका कुठला क्षण सहन झाला नाही?

तिन्हीसांज (३.१५)

उत्तर द्यायला वेळ लागला कारण मलाच आश्चर्य वाटलं.

तो आला नाही तो क्षण नाही. त्याच्या आधीचा एक तास. एका गुरुवारी साडेसहाला फोन केला तर म्हणाला, "निघतोच आहे." सातला पुन्हा, "निघालो, पाच मिनिटं." मी ड्रेस बदलून, फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन, चपला घालून सोफ्यावर बसलेले. लेक विचारतेय, "आई तू घरातच चपला का घातल्या?" आठ वाजून दहा मिनिटांनी मी चपला काढल्या. तो तेव्हा मुलुंडला होता.

मला पावणेसहाच्या आत कळलं असतं तर मी सत्र रद्द करून दुसरी वेळ मागितली असती, पैसे गेले नसते. मंगळवारी समोरच्या काकूंकडे लेकीला ठेवता येतं (गुरुवारी त्या स्वामींच्या मठात जातात, तेव्हा नाही). म्हणजे मला त्याच्या उशिराचं एवढं दुःख नाहीच. मी दीड तास लटकत राहते त्याचं आहे.

मृदुला_के (३.४०)

मग तेच मागा. बाकी सगळं सोडा.

तिन्हीसांज (४.२०)

"मंगळवार-गुरुवार, साडेपाचच्या आत, एक शब्दाचा मेसेज. 'हो' किंवा 'नाही'. 'बघतो' चालणार नाही, आणि मेसेज नाही आला तर मी 'नाही' धरणार."

एवढंच. रागावूही नकोसं वाटतंय आता.

अप्पा_ठाकुर्ली (४.५५)

हे तर त्याला मोकळं रान झालं! रोज "नाही" पाठवेल आणि आरामात दहाला येईल. शब्द साडेसातचा होता, तो कुठे गेला?

रात्रपाळी (५.१०)

अप्पा, एक गंमत सांगतो. "निघतोच आहे" म्हणायला काही लागत नाही, ते सवयीने तोंडातून येतं. पण "नाही" असं टाइप करायला बोट जड होतं. साडेपाचला दिवसभराच्या कामाकडे बघून ठरवावं लागतं. आणि "हो" पाठवला की संध्याकाळच्या मीटिंगला मी आधीच सांगून मोकळा होतो, की सहाला उठणार. आमच्यात सगळ्यांत आधी उठायची लाज वाटते, खरं कारण निम्म्या वेळा तेवढंच असतं. मीटिंगच्या मध्येच उठणं कठीण, आधी सांगून उठणं सोपं.

मृदुला_के (५.४५)

अप्पांची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर आज नाही. चार आठवडे, म्हणजे आठ संध्याकाळी. त्यात "नाही" चारापेक्षा जास्त आले तर त्याला त्या दिवशी संध्याकाळ मिळतच नाही हे उघड होईल. मग प्रश्न त्याच्या शब्दाचा राहत नाही. लेकीजवळ बसायला कुणाला पैसे देऊन बोलवायचं, आणि ती व्यवस्था तो लावणार, हे बोलणं होईल.

बोलताना दोन गोष्टींची तयारी ठेवा. एक म्हणजे तो मोठं वचन देईल. "अगं मेसेज कशाला, मी रोजच सातला येतो, बघ तू." ऐकायला फार गोड लागतं. घेऊ नका. मोठं वचन हा लहान गोष्टीतून सुटायचा रस्ता असतो, तो लबाडीने तसं करतो असं नाही, त्याला त्या क्षणी खरंच वाटत असतं. दुसरी म्हणजे तो उलट तुमचं काहीतरी काढेल. ते खरं असलं तर "तेही बोलू, उद्या" म्हणा, आणि उद्या खरंच बोला.

तिन्हीसांज (रविवार, दुपारी २.००)

झालं बोलणं. जसं झालं तसं लिहिते.

काल रात्रीच सांगून ठेवलं होतं की उद्या पोहे झाल्यावर दहा मिनिटं हवीत, फिजिओच्या वेळेबद्दल बोलायचंय. म्हणजे तो सकाळपासून थोडा टरकलेला. लेक खाली खेळायला गेली.

मी म्हटलं, "पहिल्यांदा सत्रं ठरली तेव्हा तू मंगळवार-गुरुवार साडेसातला येतो म्हणाला होतास. बारापैकी सात वेळा ते जमलं नाही. चार सत्रं बुडाली आणि हात अजून मागे जात नाही. पण मला जास्त त्रास होतो तो वाट बघण्याचा. एका गुरुवारी मी सव्वातास चपला घालून बसले होते."

तो म्हणाला, "सात? एवढे कसे होतील?" मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं नाही. खरं तर फार मोह झाला. तोच उठून गेला, दुधाच्या खुणांमधले 'उ' बघितले आणि परत येऊन बसला.

मग नेहमीचं. "मी काय नोकरी सोडू का? बॉस सहाला मीटिंग लावतो त्याला मी काय करू?" मी म्हटलं, "नोकरी सोडू नकोस. साडेसातला येच असंही म्हणत नाहीये." यावर तो गप्प झाला, कारण याचं उत्तर त्याच्याकडे तयार नव्हतं. मग मागणं सांगितलं.

आणि मृदुलाताई, तुमच्या तोंडात साखर. पुढचं वाक्य जसंच्या तसं: "मेसेज काय करायचाय, मी रोजच लवकर येत जाईन ना." मला हसू आलं. म्हटलं, "रोजचं नको. दोन दिवस, एक शब्द."

त्यानेही माझं काढलंच. ऑफिसातून फोन करतो तेव्हा मी कामात असले की "हं, हं" करते आणि नंतर सांगितलंच नाही म्हणते. खरं आहे. तेही बोलायचं ठरलंय.

एक गोष्ट मात्र अडली. तो म्हणाला, "तू सव्वापाचला एक आठवण कर, मी लगेच पाठवतो." मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. काय करू?

बेधडक (२.१५)

अजिबात करू नका! मग परत चाकरी तुमचीच.

अप्पा_ठाकुर्ली (२.४०)

एक मेसेज करायला काय जातं? संसारात एवढं मोजून चालत नाही.

रात्रपाळी (३.०५)

तुम्ही आठवण केली तर ती तुमची ड्यूटी होईल, आणि एखाद्या दिवशी तुम्ही विसरलात की "तू आठवणच केली नाहीस" ऐकाल. अलार्म फोनमध्ये असतो, तो त्याच्याच फोनमध्ये लावायला सांगा.

मृदुला_के (३.३०)

मी रात्रपाळींच्या बाजूने. पण अशी घरं पाहिली आहेत जिथे पहिले दोन आठवडे बायकोने आठवण केली आणि पुढे सवय लागली. आणि जिथे दहा वर्षं आठवणच करत राहिली तीही पाहिली आहेत. आधी सांगता येत नाही.

कोकणकन्या (५.००)

तेल लावलंत का?

तिन्हीसांज (तीन आठवड्यांनी, शुक्रवार, सकाळी १०.२०)

कोकणकन्या, लावतेय, दाराच्या चौकटीचा व्यायामही करतेय. बाई म्हणाल्या, व्यायाम चालू ठेवा, तेलाने निदान बरं तरी वाटेल.

आता हिशोब. सहा संध्याकाळी झाल्या. आठवण मी करत नाही, त्याने स्वतः अलार्म लावला. नाव ठेवलंय 'खांदा'.

पहिला मंगळवार: ५.२२ ला 'हो', सात-अठ्ठावीसला दारात. पहिला गुरुवार: ५.१० ला 'नाही'. राग आला, खोटं कशाला बोलू, पण बाईंना लगेच कळवलं तर त्यांनी सत्र पुढे ढकललं, पैसे वाचले, आणि मी चपला घातल्या नाहीत. दुसरा मंगळवार: ५.४१ ला "बघतो, बहुतेक जमेल". मी 'नाही' धरलं, लेकीला काकूंकडे सोडलं आणि गेले. तो साडेसातला आला तर घराला कुलूप. जिन्यात बसला होता म्हणे, अप्पा. मी मुद्दाम केलं नव्हतं. घरी आल्यावर कुणीच काही बोललं नाही, मी तर नाहीच. त्यानंतर "बघतो" आलेला नाही.

दुसरा गुरुवार 'नाही'. तिसरा मंगळवार 'हो', पण आला सात पन्नासला, ठाणे-दिव्याच्या मध्ये गाडी उभी राहिली होती. सत्र अर्धं झालं. मी याला मोडलेला शब्द धरला नाही. बरोबर केलं का?

अप्पा_ठाकुर्ली (१०.५०)

गाडीचं कारण आम्ही पण द्यायचो.

रात्रपाळी (११.०५)

सहाला उठला होता का, एवढंच बघा. उठला असेल तर शब्द पाळला. मंगळवारी मी पण त्याच खोळंब्यात होतो बहुतेक.

तिन्हीसांज (११.३०)

सहाला उठला होता, स्टेशनवरून फोटो पाठवला होता, न मागता.

एक गंमत. अलार्म त्याने चुकून रोजचाच लावलाय. गेल्या रविवारी मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला गेलो होतो, पंगतीत शेजारी बसलेलो, साडेपाचला त्याच्या खिशात वाजला. मागच्या रांगेतल्या आत्या विचारत होत्या, काय रे, कसला अलार्म? त्याने फोन काढला आणि माझ्या शेजारी बसूनच मला मेसेज केला: 'हो'.

मृदुला_के (१२.१०)

हे छानच. पण सहाव्या संध्याकाळीचं लिहिलं नाहीत.

तिन्हीसांज (१२.२५)

काल. ५.०५ ला 'नाही'. म्हणजे तिन्ही गुरुवार 'नाही'. मंगळवारी काकू आहेत, गुरुवारी कुणीच नाही, आणि नेमके गुरुवारच जातायत. गुरुवारी सहाला त्यांची दर आठवड्याची ठरलेली मीटिंग असते, हे त्याने काल पहिल्यांदा सांगितलं. म्हणजे मार्चपासून गुरुवारचा शब्द देताना त्याला ते माहीत होतं.

बेधडक (१२.३०)

बघा.

रात्रपाळी (१२.४०)

माहीत असणं आणि लक्षात येणं वेगळं असतं. पण हो, आता यातून सुटका नाही. बाईंकडे गुरुवारऐवजी दुसरा वार मिळतो का?

तिन्हीसांज (१२.५५)

शनिवार सकाळ विचारलीय, यादीत तिसरी आहे. तोपर्यंत गुरुवारी लेकीजवळ कोण बसणार ते त्याने शोधायचं, असं काल रात्री मी म्हटलं. "बघतो" म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बुधवारी रात्री नऊपर्यंत सांगतो, हो किंवा नाही."